९.२० टक्क्यांचा रोखा साडेसहाच टक्के का देतो?

आमच्या चरईच्या इमारतीतले एक काका दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. हिशेबाला पक्के. मुदत ठेवींचे दर, पोस्टाच्या योजना, कुठे पाव टक्का जास्त मिळतो, सगळं तोंडपाठ. मध्यंतरी त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खातं उघडलं. नोव्हेंबर २०२१ पासून आपल्यासारख्या माणसालाही तिथे सरकारी रोखे थेट घेता येतात, अगदी दहा हजारांपासून. खातं उघडल्यावर काकांनी यादी चाळली आणि मला मोबाइल दाखवत विचारलं, "हे बघ, दोन्ही रोखे सरकारचे, दोन्ही २०३० साली संपणार. एकावर ५.८५ टक्के व्याज, दुसऱ्यावर ९.२०. आणि शेवटच्या रकान्यात दोघांचंही यील्ड जवळपास सारखंच! मग ९.२० सोडून दुसरा कुणी घेईलच कशाला?"

प्रश्न रास्त आहे. रोख्यांचं निम्मं गणित त्याच्या उत्तरात येतं.

आधी हे दोन इतके वेगळे आकडे आले कुठून ते पाहू. रोख्याचं कूपन, म्हणजे दर्शनी किमतीवर मिळणारं ठरलेलं व्याज, तो रोखा पहिल्यांदा विकताना ठरतं आणि मग शेवटपर्यंत बदलत नाही. ९.२० टक्क्यांचा रोखा २०१३ सालचा. त्या वर्षी रुपया घसरत होता आणि व्याजदर चढे होते. ५.८५ टक्क्यांचा २०२० सालचा, कोविडच्या काळातला. तेव्हा रेपो दर चार टक्क्यांवर होता. सरकारने त्या त्या वेळी बाजारात जो भाव चालू होता त्याने पैसे उचलले, एवढंच. कूपन हा रोख्याच्या जन्मवेळचा दर आहे. आज तो घेणाऱ्याला किती सुटणार, हे त्यावरून कळत नाही.

कूपन बदलत नाही, म्हणून मग किंमत बदलते. समजा आज पाच वर्षांच्या सरकारी रोख्याकडून बाजार वर्षाला ६.५ टक्क्यांची अपेक्षा धरून आहे. ज्याच्याकडे ९.२० टक्क्यांचा रोखा आहे तो शंभराचा रोखा शंभरालाच विकेल का? नाही. घेणाऱ्यांची झुंबड उडेल आणि भाव वर जाईल. उलट ५.८५ टक्क्यांचा रोखा शंभरला कुणी हातात धरणार नाही, म्हणून त्याचा भाव उतरेल. दोन्ही भाव अशा जागी येऊन थांबतात की आज पैसे घालणाऱ्याला दोन्हीकडे सारखाच मोबदला पडावा. काकांच्या यादीतलं यील्ड म्हणजे हाच मोबदला.

हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून दोन्ही रोख्यांची बरोबर पाच वर्षं उरली आहेत असं धरतो. व्याज दर सहा महिन्यांनी मिळतं, म्हणजे एकूण दहा हप्ते. ६.५ टक्क्यांच्या हिशेबाने एक लाख दर्शनी किमतीचा ९.२० वाला रोखा १,११,३७० रुपयांना पडतो आणि ५.८५ वाला ९७,२६३ रुपयांना. हे भाव मी गणितासाठी काढलेत, आजचा बाजारभाव म्हणून धरू नका. पहिला दर्शनी किमतीहून महाग, म्हणजे प्रीमियमला मिळतोय, दुसरा तिच्याहून स्वस्त, म्हणजे डिस्काउंटला. शेवटी दोन्हीकडे सरकार परत देणार ते मात्र एक लाखच.

काकांनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. "बरं, १,११,३७० घालून वर्षाला ९,२०० मिळणार. तरी सव्वाआठ टक्के पडले की!" बरोबर, भागाकार ८.२६ येतो. याला करंट यील्ड म्हणतात. चालू वर्षी हातात किती रोकड येईल एवढं ते सांगतं. पाच वर्षांनी १,११,३७० च्या जागी एक लाखच परत येणार, हे त्या भागाकाराला ठाऊकच नसतं.

खरं काय घडतंय ते पाहायचं तर एक साधी वही मांडायची. तुम्ही सरकारला १,११,३७० रुपये उसने दिलेत आणि दर सहा महिन्यांना ३.२५ टक्के, म्हणजे साडेसहाचे निम्मे, या दराने व्याज आकारताय असं समजा. पहिल्या सहा महिन्यांचं व्याज होतं ३,६२० रुपये. सरकारने हातावर ठेवले ४,६००. मग वरचे ९८० रुपये कसले? ते व्याज नाही. ती तुमचीच मुद्दल परत आली. म्हणून वहीत येणं उरलं १,१०,३९०.

पुढच्या सहामाहीत व्याज या कमी झालेल्या रकमेवर चढेल. तीन-चार ओळी मांडल्या की चित्र स्पष्ट होतं:

| सहामाही | सुरुवातीचं येणं | ३.२५ टक्क्यांनी व्याज | मिळालेलं कूपन | परत आलेली मुद्दल | उरलेलं येणं |
|---|---|---|---|---|---|
| १ | १,११,३७० | ३,६२० | ४,६०० | ९८० | १,१०,३९० |
| २ | १,१०,३९० | ३,५८८ | ४,६०० | १,०१२ | १,०९,३७८ |
| ३ | १,०९,३७८ | ३,५५५ | ४,६०० | १,०४५ | १,०८,३३३ |
| १० | १,०१,३०८ | ३,२९२ | ४,६०० | १,३०८ | १,००,००० |

घराचं कर्ज फेडलेल्याला ही वही ओळखीची वाटेल. ईएमआय तोच राहतो, पण दर महिन्याला त्यातला व्याजाचा वाटा घटतो आणि मुद्दलाचा वाढतो. इथे तेच आहे, फक्त तुम्ही बँकेच्या खुर्चीत बसला आहात. दहाव्या हप्त्यानंतर वहीत बरोबर एक लाख येणं उरतं, त्याच दिवशी सरकार एक लाख परत करतं आणि वही शून्यावर बंद होते.

यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे वायटीएम, याचा अर्थ एवढाच: ज्या दराने व्याज आकारलं असता ही वही शेवटच्या दिवशी पैचाही फरक न राहता बंद होते, तो दर. ८.२६ टक्क्यांनी व्याज आकारून बघा. पहिल्या सहामाहीचं व्याजच ४,६०० होतं, मुद्दल एक रुपयाही फिटत नाही आणि पाच वर्षांनी १,११,३७० येणं असताना हातात एक लाख पडतात. वही जुळत नाही, म्हणजे दर जास्त धरला. सहा टक्क्यांनी आकारा, तर मुद्दल लवकर फिटते आणि शेवटी एक लाखाहून कमी येणं उरतं. म्हणजे दर कमी धरला. साडेसहाला जुळतं.

आता ५.८५ वाल्याची वही. घातले ९७,२६३. पहिल्या सहामाहीचं व्याज ३.२५ टक्क्यांनी ३,१६१ होतं, सरकारने दिले २,९२५. कमी पडलेले २३६ रुपये बुडाले नाहीत, ते येण्यात मिळवायचे: ९७,४९९. पुढच्या सहामाहीत या वाढलेल्या रकमेवर व्याज ३,१६९, मिळाले २,९२५, आणखी २४४ जमा, येणं ९७,७४३. असं करत दहाव्या हप्त्यानंतर येणं बरोबर एक लाखावर पोचतं. म्हणजे डिस्काउंटच्या रोख्यात व्याजाचा एक वाटा सरकार हातावर ठेवत नाही, मागे राखतं आणि शेवटी एकदम देतं. प्रीमियमच्या रोख्यात उलट: तुमचीच मुद्दल थोडी थोडी करून कूपनच्या पाकिटात घालून परत येते. दोन्हीकडे खरं व्याज साडेसहाच.

काकांना हे पटलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न जास्त कामाचा होता. "म्हणजे मी ते ४,६०० दर सहा महिन्यांनी किराणा-दूध-औषधांवर खर्च केले तर?" तर पाच वर्षांत तुम्ही ११,३७० रुपये मुद्दल खाल्ली. सगळी कूपनं मिळून ४६,००० येतील, त्यातलं खरं व्याज ३४,६३० एवढंच. पेन्शन नसलेल्या माणसाने मोठ्या कूपनला भुलून प्रीमियमचे रोखे घेतले तर दर महिन्याचं भागतं, पण पुंजी हळूहळू झिजते आणि ते कळतं मुदत संपल्यावर. घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. नियमित रोकड हवी असेल तर ते सोयीचे आहेत. फक्त त्या ४,६०० मधले हजारभर बाजूला ठेवायचे असतात, हे पहिल्या दिवशीच माहीत हवं.

हा दर स्वतः काढायचा तर वहीची दहा पानं मांडायची गरज नाही. कागदावर ढोबळ उत्तर काढायची जुनी रीत आहे. वर्षाच्या कूपनमध्ये दरवर्षी भरून येणारा किंवा गळणारा फरक मिळवायचा किंवा वजा करायचा, आणि आजची किंमत व शंभर यांच्या सरासरीने भागायचं. शंभराच्या हिशेबाने ९.२० वाल्यात ११.३७ रुपये पाच वर्षांत गळणार, म्हणजे वर्षाला २.२७. उरले ६.९३. सरासरी किंमत १०५.६९. भागाकार ६.५५ टक्के. ५.८५ वाल्यात दरवर्षी ०.५५ ची भर, ६.४० भागिले ९८.६३, म्हणजे ६.४९ टक्के. अचूक उत्तर साडेसहा असताना पेन्सिलने इतकं जवळ जाता येतं, ते पुरेसं आहे. नेमका आकडा हवा तर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये एक ओळ:

```
=RATE(10, 4.6, -111.37, 100)*2
```

दहा हप्ते, प्रत्येकी ४.६०, आज दिलेली किंमत उणे चिन्हाने, शेवटी मिळणारे शंभर. सहामाहीचा दर येतो म्हणून दोनने गुणायचं. कूपन वर्षातून एकदाच मिळत असेल तर हप्ते पाच, रक्कम ९.२०, आणि गुणाकार नाही.

इथे एक खाच आहे. सरकारी रोख्याचं यील्ड असं सहामाहीच्या दुपटीने सांगतात. ३.२५ टक्के वर्षातून दोनदा चढले की वर्षाचा खरा दर ६.६१ होतो. बँकेच्या ठेवीवर बहुतेक वेळा तिमाही चक्रवाढ असते, त्यामुळे तिथले ६.५ टक्के वर्षाला ६.६६ पडतात. दोघांची तुलना करताना आधी दोन्ही आकडे वार्षिक करून घ्या, नाहीतर पाव टक्क्यासाठी चाललेल्या वादात दहा पैसे उगाच इकडचे तिकडे होतात.

दुसरी खाच खरेदीच्या दिवशी लागते. मध्येच रोखा घेतला, समजा मागच्या कूपनला तीन महिने झालेत, तर खात्यातून १,११,३७० ऐवजी १,१३,६७० जातात. यात कुणी हात मारलेला नसतो. त्या तीन महिन्यांचं व्याज, २,३०० रुपये, विकणाऱ्याने कमावलेलं असतं, ते तुम्ही त्याला आगाऊ देता आणि पुढच्या कूपनमध्ये पूर्ण ४,६०० वसूल करता. बाजारात याला अक्रूड इंटरेस्ट म्हणतात. यील्ड काढताना ही रक्कम धरलेली असते, भाव म्हणून दिसणाऱ्या आकड्यात ती नसते.

वायटीएम सारखा असला तरी दोन रोखे सारखे नसतात, आणि सगळ्यात मोठा फरक पाडतं आयकर खातं. कर खात्याला आपली वही मान्य नाही. त्याच्या लेखी कूपनचा प्रत्येक रुपया व्याज आहे, मग त्यातले हजार रुपये तुमची मुद्दल का असेना. पूर्ण ४,६०० वर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. शेवटी १,११,३७० चे एक लाख झाले तर तो ११,३७० चा तोटा दीर्घकालीन भांडवली तोटा म्हणून धरतात, आणि तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा करता येतो. शेअर किंवा जागा विकून तसा नफा झालाच नसेल तर तो तोटा कागदावरच राहतो.

डिस्काउंटच्या रोख्यात उलटं. कूपनचे २,९२५ स्लॅबने करपात्र, पण शेवटी वाढलेले २,७३७ रुपये भांडवली नफा. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेला रोखा बारा महिन्यांहून जास्त ठेवला असेल तर त्यावर सध्या १२.५ टक्के कर. तीस टक्के स्लॅबमधल्या माणसासाठी, सेस सोडून आणि तोटा वापरता येत नाही असं धरून, मी दोन्ही गणितं केली. ९.२० वाला करानंतर ३.९१ टक्के देतो, ५.८५ वाला ४.६५. करापूर्वी दोघंही साडेसहा! मोठं कूपन बघून खूश होणाऱ्याला वर्षाला पाऊण टक्का मोजावा लागतो. ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याला हा फरक जाणवणार नाही. आमचे काका वीस टक्क्यांच्या पट्ट्यात होते, त्यांनी ५.८५ वाला घेतला.

आता वायटीएमवर कितपत विसंबायचं ते. तो आकडा रोखा शेवटपर्यंत ठेवला तरच तुमचा. समजा काकांना वर्षभराने पैशांची गरज लागली आणि तोवर बाजाराची अपेक्षा साडेसहावरून साडेसातवर गेली. वहीप्रमाणे येणं ९७,७४३ असायला हवं, पण चार वर्षं उरलेल्या त्या रोख्याचा भाव त्या दिवशी ९४,३८८ निघेल. वर्षात कूपनचे ५,८५० मिळाले, किमतीत २,८७५ गेले, हाताशी आले २,९७५. साडेसहा म्हणून घेतलेल्या रोख्यावर तीन टक्क्यांच्या आसपास पडले. दर उतरले असते तर याच्या उलट चांदी झाली असती. थांबता आलं तर मधले हे चढउतार तुमच्या वहीत येत नाहीत.

कूपनं पुन्हा कुठे गुंतवता यावरही शेवटची रक्कम अवलंबून आहे. ती साडेसहानेच गुंतवली गेली तर पाच वर्षांनी एकूण पुंजी साडेसहाच्या चक्रवाढीने वाढलेली दिसेल. मधल्या काळात पाचच टक्के मिळाले, तर ९.२० वाल्याचा एकूण दर ६.२६ वर येतो आणि ५.८५ वाल्याचा ६.३२ वर. पाच वर्षांत हा फरक किरकोळ. तीस वर्षांच्या रोख्यात तो डोळ्यात भरेल.

आणि हे सगळं सरकारी रोख्यांबद्दल, जिथे हप्ता चुकण्याची भीती नाही. कंपन्यांच्या रोख्यांवर अकरा-बारा टक्के वायटीएम दिसतो तेव्हा तो आकडा कंपनी प्रत्येक हप्ता वेळेवर देईल असं गृहीत धरूनच काढलेला असतो. न मिळण्याची शक्यता त्यात कुठेही वजा केलेली नसते. जास्तीचे चार-पाच टक्के त्या शक्यतेचीच किंमत म्हणून मिळतात.

कंपनीचा किंवा बँकेचा रोखा प्रीमियमला घेताना मात्र माहितीपत्रकात एक शब्द आधी शोधा: कॉल. काही रोख्यांत ते काढणाऱ्याला ठरलेल्या तारखेला मुदतीआधीच पैसे परत करून मोकळं होण्याचा हक्क असतो. समजा वार्षिक दहा टक्के कूपनचा, पाच वर्षं उरलेला रोखा तुम्ही १०५ ला घेतलात. वायटीएम ८.७२ टक्के दिसेल. पण वर्षभराने शंभरला कॉल करण्याची मुभा असेल आणि बाजारात दर उतरलेले असतील, तर कंपनी दहा टक्के देत का बसेल? ती स्वस्तात नवं कर्ज उभारेल आणि तुमचे शंभर तुमच्या हातावर ठेवेल. तुम्हाला मिळाले दहा कूपनचे, गेले पाच प्रीमियमचे. १०५ वर पाच रुपये, म्हणजे ४.७६ टक्के. पाच वर्षांत थोडा थोडा फिटायचा प्रीमियम एकाच वर्षात गळाला. म्हणून असा रोखा घेताना मुदतीपर्यंतचं यील्ड आणि पहिल्या कॉल तारखेपर्यंतचं यील्ड, दोन्ही काढायची आणि प्रीमियमला घेत असाल तर त्यातलं जे कमी ते आपलं धरायचं. वरच्याच सूत्रात हप्ते कॉलच्या तारखेपर्यंतचे घातले आणि शंभरच्या जागी कॉलची किंमत लिहिली की उत्तर येतं.